उपेंद्रच्या पानावरची फिरकी

"अंबरीशच्या पानावर मुंगी शिरायला जागा नाही," कॉलेजच्या निरोपाच्या ईयरबुकची पानं जुळवणारी मैथिली म्हणाली, "आणि तुला निरोपाचा एकही मेसेज नाही रे."

उपेंद्रच्या अंगाचा तिळपापड झाला. चार वर्षं दोघं एकाच बाकावर बसले, पण लाड सगळे अंबरीशचे. "तू चहा घेऊन ये, उरलेलं मी बघतो," म्हणत तो लॅपटॉपपुढे सरकला. अंबरीशसाठी आलेला, पण जागेअभावी उरलेला एक मेसेज त्याने उचलला. 'तुझ्यासारखा मित्र होणे नाही,' एवढीच ओळ वाचून खूश झाला, वरचं नाव बदललं आणि ऐटीत आपल्या फोटोखाली चिकटवला.

ईयरबुक वाटलं, तेव्हा सगळे एकमेकांच्या पानांवर सह्या करायला लागले. अंबरीशने उपेंद्रचं पान मोठ्याने वाचलं, "'तुझ्यासारखा मित्र होणे नाही. तुझ्या फिरकीशिवाय मैदान सुनं होईल.'"

मैथिलीला हसू आवरेना. उपेंद्रने जन्मात चेंडू हातात धरला नव्हता.

अंबरीश मात्र हसला नाही. पेन काढून त्याने समासात लिहिलं, 'गड्या, रविवारी मैदानावर ये. फिरकी शिकवतो.'

उपेंद्र आणखीनच जळला. आता मेल्याचा धड रागही करता येईना.