खिडकीतलं मांजर

बाबांशी अबोला धरून दोन वर्षं झाली होती. पण लेकीने त्यांच्या वाढदिवसासाठी स्वतः कार्ड केलं, म्हणून मन घट्ट करून त्याचा फोटो पाठवला. कार्डावर घर, घराला कागदाची बंद खिडकी.

लगेच उत्तर आलं: "चिमणीला खूप खूप आशीर्वाद! खिडकीतलं मांजर तर झकासच."

माझ्या मनात पाल चुकचुकली. फोटोत मांजर नव्हतंच.

कार्डावरची खिडकी उघडून पाहिली. तीन बाजू ब्लेडने सरळ कापलेल्या, चौथी दुमडलेली. आत मांजर.

"खरं सांग, ही कोणी कापली?"

लेक खाली बघत म्हणाली, "आजोबांनी. शाळेच्या फाटकाशी भेटतात ते. म्हणाले, आईला सांगू नकोस. ती मला फोटो पाठवते का, तेवढंच बघायचंय."