बसलो की बसले

बसा हो जरा, चहा होईपर्यंत गोष्ट सांगतो. एका कान्यापायी अब्रू जायची वेळ आली होती.

एक कवयित्री होती. तिचं पहिलं पुस्तक छापायला गेलेलं. छापखान्यात प्रुफं तपासणाऱ्या ताई कागद घेऊन थेट तिच्या घरी आल्या. कोपऱ्यात तिचा शिंपी नवरा मशीनवर पडदा शिवत होता. त्याच्याकडे ताईंनी बघितलंसुद्धा नाही.

"ही ओळ वाचा," ताई म्हणाल्या.

दार लोटुनी दिवस निघाला, मी उंबऱ्यात बसलो
पाय कुणाचे वाजलेच ना, उगा एकटी हसले

"मी बसलो? बाई ना तुम्ही?"

"कवीला तेवढी सूट असते."

"असते की. 'नाहीत'चं 'ना' केलंत, तीन मात्रा वाचवल्या. चाललं. पण बसलो म्हणा नाहीतर बसले, मात्रा चारच. वृत्ताची अडचण नाही. उलट खाली 'हसले' आहे, यमक तुटतंय. मग सूट घेतली कशासाठी?"

कवयित्रीनं पदर सारखा केला. "काही गावांत बायकाही 'मी बसलो' म्हणतात."

"म्हणतात. मग चाळीस कवितांत आले, गेले, रुसले, आणि गाव आठवलं ते एकदाच?"

"चूक झाली असेल."

"अहो, बाईमाणूस अनुस्वार चुकेल, ऱ्हस्व-दीर्घ चुकेल. स्वतःला बाप्या म्हणायची चूक कशी करेल?" ताईंनी चष्मा काढला. "मूळ कविता पुरुषाची आहे. तुम्ही सगळीकडे 'लो'चं 'ले' केलंत, एक राहिलं. तुमचे ते कविता करणारे सर वारले ना मागच्या वर्षी? त्यांच्या वह्या कुणाकडे आहेत?"

"सरांची एकही ओळ यात नाही! शपथ घेते."

"मग कुणाची आहे? सांगा, नाहीतर मी छपाई थांबवते."

मशीन थांबलं.

"माझी चूक आहे ती," शिंपी दोरा तोडत म्हणाला. "वहीवरून साफ प्रत मी उतरवली. माझ्या तोंडात 'बसलो', हातातही तेच आलं."

ताई हसल्या. "अहो, आधी नाही का सांगायचं! उतरवणाऱ्याची चूक म्हणजे मिटलंच." त्यांनी तिथल्या तिथे 'बसले' केलं आणि गेल्या. पुस्तक निघालं, नावही झालं.

आता खरं सांगतो. उतरवलंबितरवलं काही नाही, मला सही करता येते तेवढीच. मशीन चालवताना मी आपल्या ओळी पुटपुटत असतो, आणि दाराआड तिची पेन्सिल चाललेली मला ऐकू येते. आता ती चहा घेऊन येईल. तिला एवढंच म्हणा, वहिनी, कविता झकास आहेत तुमच्या.