अप्पांना उत्तर

“कानडीतच लिही अव्वा. अप्पांना मराठी कुटं वाचता येत होतं?” राजेश्वरी म्हणाली.

तिच्या आईनं, सुंदरम्मांनी, चष्मा पदरानं पुसला आणि वहीचं मधलं पान अलगद काढून घेतलं. वळसंगच्या या घरात बोलणं सगळं कानडी. राजेश्वरी मात्र सोलापुरात मराठी शाळेत शिकली. कानडी बोलायला एकदम फाडफाड, पण लिहा-वाचायचं म्हटलं की नुसता आनंदीआनंद! म्हणून ती सांगणार आणि आई लिहिणार, असं ठरलं.

अप्पांना जाऊन दहा दिवस झाले होते. पुण्याहून ती पोचली तोवर त्यांना लिंगायत रीतीनं शेतातल्या खड्ड्यात बसवून, तळहातावर इष्टलिंग देऊन, विभूती आणि बेल घालून माती दिलेली होती. तोंडसुद्धा दिसलं नाही. आज दुपारी त्या जागेवर समाधीचा ओटा बांधायला घ्यायचा होता. पहिल्या दगडाखाली पत्र ठेवायचं तिनं मनाशी पक्कं केलं होतं.

“लिही. अप्पा, त्या दिवशी तुमी ताटातच हात धुतला आणि उठून गेलात.”

तो दिवस दोघींनाही पाठ होता. श्रीपूरच्या अभिमन्यूशी लग्न करणार म्हणून तिनं जेवताना सांगितलं होतं. जात वेगळी. अप्पा आरडले नाहीत, ओरडले नाहीत, काहीच बोलले नाहीत. त्याला नऊ वर्षं झाली. फोनवरही ते कधी आले नाहीत.

पण पत्रं यायची. वर्षातून दोन, कधी तीन, सगळी कानडीत. पुण्यातली शेजारीण सिद्धेश्वरी ती वाचून दाखवायची. ‘औंदा शाळू बरा हाय. जेवणाची हेळसांड करू नको. भाऊबंद अजून धुसफुसतात, इतक्यात येऊ नको.’ तोंडानं न बोलणारा माणूस कागदावर किती मऊ होता! त्या पत्रांवर ती नऊ वर्षं तगली. शेवटचं आलं ते महिन्यापूर्वी. त्यात एवढंच विचारलं होतं, ‘तुझ्या मनात माझ्यावर राग हाय का अजून?’

उत्तर द्यायचं राहून गेलं. आज लिहू, उद्या लिहू, आणि मग फोनच आला.

“लिही अव्वा. राग होता. तुमी ताटावरनं उठलात, त्याचा न्हाय. मला बोलूच दिलं न्हाय, त्याचा.”

पेन भराभर चाललं होतं.

“शाळूचं कणीस हुरड्याला आलं की न्हाय, ते दाताखाली धरून कसं वळखायचं, ते तुमी अर्धंच शिकवलंत. म्हणालात, बाकीचं पुढल्या साली. ते साल आलंच न्हाय.”

राजेश्वरी सांगायची थांबली. पेन मात्र थांबलं नाही.

“मी गप हाय की. तू काय लिहितीस?”

“तू लई भरभर सांगतीस. मागचं पुरं करते.”

“आता शेवटचं. अप्पा, तुमच्या पत्रांनी राग कवाच गेला. तेवढं तुमाला सांगायचं ऱ्हायलं.”

सुंदरम्मांनी चष्मा काढून डोळे टिपले. मग पुन्हा खाली वाकून त्या कितीतरी वेळ लिहीत राहिल्या. पान पाठपोट भरलं.

“वाच की एकदा.”

त्यांनी कागद समोर धरला आणि तिचं वाक्य न् वाक्य तिला ऐकवलं. एक शब्द इकडचा तिकडं नाही. मग घडी घालून शिताच्या चिकटीनं कडा बंद करून टाकल्या.

“कशाला चिकटवतीस?”

“तुमच्या दोगांतलं हाय. तिसऱ्यानं बघू नये.”

नवरा गेल्यावर वर्षभर शेताकडं पाऊल टाकायचं नाही, असं सुंदरम्मांनीच ठरवलं होतं. त्या उंबऱ्यातच थांबल्या. राजेश्वरी एकटी बांधावर आली. गवंडी सिमेंट कालवत होता. बसलिंगप्पा स्वामी बेलाची पानं घेऊन आले होते. अप्पांचं शेवटचं सगळं त्यांनीच केलं होतं.

दगड बसवायची वेळ आली आणि राजेश्वरीचा जीव घुटमळला. नुसतं मातीत घालायचं? नऊ वर्षं न बोलता गेली, आता निदान त्यांच्या कानावर तरी पडू दे. तिनं घडीच्या कडा उकलल्या.

“स्वामी, मला कानडी वाचता येत न्हाय. एवढं मोठ्यानं वाचाल का? अप्पांना ऐकू जाईल असं.”

स्वामींनी कागद घेतला, समाधीकडं तोंड केलं आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली.

“राजेश्वरीच्या अप्पांना सुंदरम्माचं शरणू.”

“असं न्हवतं सांगितलं मी,” ती म्हणाली.

“लिव्हलंय तेच वाचतोय बाई. आईचं पत्र हाय हे. वाचू का ठेवू?”

तिनं समाधीकडं पाहिलं. “वाचा.”

स्वामी एका सुरात वाचू लागले.

“पोरगी समोर बसून तुमच्याशी बोलाय लागली हाय. तिचं मी तोंडपाठ करते, आणि कागदावर माझं लिहिते. नऊ वर्षं तुम्ही या घरात तिचं नाव काढू दिलं न्हाय. शेवटच्या दिवशी मी विचारलं, तिला बोलावू का, तर भिंतीकडं तोंड फिरवलंत. ते तिला कळणार न्हाय, मी कळू देणार न्हाय. तुमच्या नावानं तिला गेलेलं प्रत्येक पत्र मी लिहिलं. कधीतरी ती तुमच्याकडं येईल, त्या पत्रांबद्दल बोलेल. तेवा मान फिरवू नका. ती पत्रं तुम्हीच लिहिली होती, असं तिला सांगा. आयुष्यात एवढं एक तरी माझं ऐका.”