उत्तराऐवजी शेवाळ

शास्त्रज्ञ कानडेबाईंकडून टपालाने आलेल्या पाकिटातून वाळलेलं शेवाळ मृदुलाच्या पुस्तकावर सांडलं. सोबत चिठ्ठी होती.

"चि. मृदुला, हातची नोकरी सोडून शुद्ध संशोधनात पडावं का, असं तू विचारलंस. उपयोग होईलच, असं खोटं सांगणार नाही. या शेवाळात पाणअस्वलं असतात. आठ पायांची, नुसत्या डोळ्यांना न दिसणारी. पाणी आटलं की पाय आत ओढून ती वर्षानुवर्षं मेल्यासारखी पडून राहतात. पाणी मिळताच पुन्हा जगतात. कशी, हे शोधण्यात माझं आयुष्य गेलं. अजून अर्धंच कळलंय. शेवाळ रात्रभर भिजव, पीळ आणि थेंब सूक्ष्मदर्शकाखाली बघ. सुरुवातीला बहुधा मातीच दिसेल. तेव्हा उठावंसं वाटलं, तर खुशाल नोकरी धर."

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या प्रयोगशाळेत पहिल्या थेंबात मातीच दिसली. दुसऱ्यातही. तिसरा थेंब ती काचेवर ठेवत होती, तेवढ्यात बाबांचा फोन आला.

"कंपनीला होकार कळवलास का? आज शेवटचा दिवस आहे, बाई."

"थांबा जरा, बाबा." तिने भिंगाला डोळा लावला. वाळूचा कण धरून एक गुबगुबीत जीव डुलत चालला होता. "बाबा, चालतोय! काल मेल्यासारखा होता!"

"कोण चालतोय?"

तिने भडाभडा सगळं सांगितलं. होकार कळवणार नाही, हेही. आता ओरडा बसणार, म्हणून तिने डोळे मिटले.

"पाय आठच आहेत का गं?" बाबा म्हणाले. "नीट मोज."