राजीनामा

“असल्या माणसाला तू हीरो म्हणतेस?” निलयने कादंबरी पलंगावर उपडी टाकली. “ताई, तो डरपोक आहे. मतलब, पहिल्यापासून शेवटपर्यंत.”

हर्षाली त्याची चुलत बहीण. भुसावळच्या कॉलेजात मराठी शिकवायची आणि चार दिवसांसाठी जयपूरला काकांकडे आली होती. काका रेल्वेत. निलयचा जन्म इथल्याच रेल्वे क्वार्टरमधला. मराठी तो घरात बोलायचा, पण वाचायचा शाळेतल्या हिंदीच्या बळावर. दिवाळीत तिनेच त्याला हे पुस्तक पाठवलं होतं. तीन महिने लावून त्याने ते संपवलं, याचंच तिला कौतुक होतं. तो इतका चिडून बोलेल असं मात्र वाटलं नव्हतं.

कादंबरीचा नायक सदानंद, एका धरणावरचा ओव्हरसिअर. तिसऱ्या प्रकरणात तो वरिष्ठांच्या धाकाने भिंत पक्की असल्याच्या कागदावर सही करतो. पुढे भिंतीला तडा जातो आणि त्याच्याकडे पुन्हा तशीच सही मागितली जाते.

निलयचं म्हणणं होतं की लेखकच त्याला सांभाळून घेतो. सही करताना सदानंदचा हात कसा थरथरला यावर दोन पानं, आणि भिंतीखालच्या गावावर एक ओळ. वाचणाऱ्याला दया त्या हाताची येते, गावाची येत नाही.

हर्षालीला हा मुद्दा आवडला, पटला मात्र नाही. गोष्ट सदानंदच्या मनात बसून सांगितलेली आहे, तेव्हा त्याची भीतीच मोठी दिसणार, असं तिने समजावलं. पण तो जे बघायचं टाळतो ते लेखक टाळत नाही. तिने सातवं प्रकरण उघडलं. गावातली एक बाई सदानंदला विचारते, सही केली तेव्हा भिंत बघितली होती का? सदानंद उत्तर देत नाही आणि प्रकरण तिथेच संपतं. नायकाला वाचवायचं असतं तर लेखकाने त्याच्या तोंडी एखादं उत्तर घातलं असतं.

“कोणी प्रश्न विचारला आणि तो ऐकून घेतला, म्हणून माणूस चांगला होतो का?” निलय म्हणाला.

तसं होत नाही, हे तिनेही मान्य केलं. आदर चुका न करणाऱ्याबद्दल वाटतोच असं नाही, ती म्हणाली. एकदा वाकलेला माणूस दुसऱ्या वेळी काय करतो, त्यावर ही कादंबरी उभी आहे. शेवटचं पान वाच, तिथे तो सरळ उभा राहतो.

“शेवटच्या पानामुळेच तर मला त्याची घृणा आली.”

हर्षाली गोंधळली. ते पान ती वर्गात दरवर्षी शिकवायची. त्यात लेखकाने कौतुकाचा एकही शब्द वापरलेला नाही, म्हणून तर ते तिला थोर वाटायचं. तिने ते मोठ्याने वाचलं. “दुसऱ्या दिवशी सदानंदने राजीनामा दिला. कचेरीतून तो चालत घरी आला. जेवला. खूप दिवसांनी त्याला दुपारची झोप लागली.”

“बघ,” निलय म्हणाला. “राजीनामा देऊन आला आणि झोपला. झोप कशी आली त्याला?”

तिने पुस्तक मिटलं. काहीतरी चुकत होतं. तू काय वाचलंस ते हिंदीत सांग, असं तिने हळूच सुचवलं.

“समझौता कर लिया. और क्या? इथे कोर्टात पुस्तकातला तोच शब्द चालतो. दोन्ही पार्टी लिहून देतात, आमचं मिटलं, केस बंद करा. त्याला राजीनामा म्हणतात.”

“मराठीत नाही रे. मराठीत राजीनामा म्हणजे इस्तीफा. त्याने सही केली नाही. नोकरी सोडली.”

 निलयने पुस्तक घेतलं, ते पान पुन्हा वाचलं, ओळीखाली बोट ठेवून, सावकाश. मग मागे जाऊन आधीची दोन पानं वाचली. हर्षालीला हसू येत होतं. ही गंमत वर्गात सांगायची, असंही तिच्या मनात आलं. पण त्याचा चेहरा पाहून ती थांबली.

“म्हणजे तो मी नव्हतो,” तो म्हणाला.

मग त्याने सांगितलं. जयपूरच्या सी-स्कीम भागातल्या ज्या कोचिंगमध्ये तो फिजिक्स शिकवायचा, तिथल्या मालकाने त्याला एका मुलीच्या निकालाचं श्रेय कॅमेऱ्यासमोर घ्यायला सांगितलं होतं. ती मुलगी कधी त्यांच्या वर्गात आलीच नव्हती. त्याने नाही म्हटलं. मालकाने सगळ्या स्टाफसमोर त्याच्या कानाखाली मारली. निलयने पोलिसांत तक्रार केली. केस उभी राहिली. त्यानंतर अनुभवाचं पत्र अडलं, दुसऱ्या क्लासेसनी दारं लावली, आणि बाबा रोज म्हणू लागले, मिटव आता. गेल्या मंगळवारी त्याने कागदावर सही केली होती. राजीनाम्याच्या. झोप मात्र आठ दिवस नव्हती.

आपण त्याला मघापासून काय काय ऐकवलं, ते हर्षालीला एकेक आठवू लागलं. वाकणं, उभं राहणं. वर्गात बसून हे शब्द किती सोपे वाटतात. तुझी गोष्ट वेगळी आहे, तू आणि सदानंद एका मापाने मोजायचे नाहीत, असं काहीतरी ती बोलू लागली. त्याने मान हलवली. समजूत त्याला नको होती.

“सही झाली म्हणजे संपलं का रे सगळं?” तिने अखेर विचारलं.

“नाही. उद्या तारीख आहे. जजसाहेब मला विचारणार, राजीनामा मर्जीने केला की दबावाखाली. दबावाखाली म्हटलं तर केस बंद होत नाही.” निलयने पुस्तक तिच्या हातात दिलं. “आणि ते हिंदीत विचारणार, ताई. तिथे माझी समजण्यात चूक होणार नाही.”