आभाराचं पत्र, मोठ्याने

"मी एकदाच दिलं, सिस्टर," बारकी तिसऱ्यांदा म्हणाली.

मोठ्या सिस्टरांनी पेन टोपण न लावता टेबलावर ठेवलं. समोर मेट्रनबाईंना पाठवायचा अहवाल होता आणि त्यातलं एकच वाक्य अडलं होतं. ते लिहिलं की बारकीची नोकरी गेली, हे दोघींनाही ठाऊक होतं. बारकी वॉर्डातली सगळ्यात नवी स्टाफ नर्स, अंगानं काडी, म्हणून बारकी. घरी आजारी आई आणि शिकणारा भाऊ. मोठ्या सिस्टरांना ती मनापासून आवडायची. म्हणूनच त्यांची जास्त चिडचिड होत होती.

गेल्या आठवड्यातला तो प्रकार डोकं चक्रावणारा होता. शिंपीकाका मधुमेहाचे पेशंट. दुपारच्या जेवणाआधी त्यांना सोळा युनिट इन्सुलिन. चार्टवर सोळा. बारकीनं सोळाच भरलं. असं औषध देण्याआधी दुसऱ्या कुणीतरी तपासावं लागतं, तर ते तपासलं खुद्द मोठ्या सिस्टरांनी. त्यांनी सिरिंज उजेडात धरून रेघ पाहिली, मान डोलावली, सही केली. काका पोटभर जेवले. तरीही थोड्या वेळानं घामानं निथळले, बरळायला लागले, मोठ्या सिस्टरांनाच 'शर्टाचं माप द्या' म्हणाले. साखर तपासली तर तळाला गेलेली. शिरेतून ग्लुकोज दिलं म्हणून माणूस हाती लागला.

बरं, सोळा युनिटनं असं होतं का कधी? डॉक्टरही बुचकळ्यात पडले.

काकांची इन्सुलिनची बाटली घरून आणलेली, शंभराची, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये शंभर युनिट. वॉर्डातली असते चाळिसाची. शंभराचं औषध अडीचपट दाट. म्हणून सिरिंजाही वेगळ्या: चाळिसाला लाल टोपण, शंभराला नारंगी. अदलाबदल झाली तर सिरिंजवर आकडा सोळाच दिसतो, पोटात मात्र चाळीस जातं. हे मोठ्या सिस्टर दर बॅचला पहिल्याच दिवशी घोकून घ्यायच्या.

"सिरिंज कुठली होती?" त्यांनी पुन्हा विचारलं.

बारकीनं नारंगी मागितली होती. आणायला विद्यार्थिनी गेली होती, जिला सगळे धांदल म्हणायचे ती. ती टोपण काढूनच घेऊन आली, त्यामुळे रंग कुणी पाहिलाच नाही, आणि वापरलेली सिरिंज सुयांच्या डब्यात गेली. एकदा धांदलला फोन करून विचारूया ना, असं बारकी चाचरत म्हणाली.

झालं. मोठ्या सिस्टर भडकल्या. स्वतःच्या चुकीचं खापर शिकाऊ पोरीवर फोडायचं? धांदल पळापळ करायची, ट्रे पाडायची, पण रंगाचं तिला बरोबर पाठ होतं. त्यांनी स्वतः तीनदा विचारून घेतलं होतं. ती चुकणार नाही. आणि रेघ तर त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. मग उरतं काय? गडबडीत दुसऱ्यांदा दिलं असणार. माणूस विसरतो. कबूल कर, मी मेट्रनबाईंपुढे शब्द टाकते, असंही त्यांनी समजावून पाहिलं.

बारकीचा चेहरा रडवेला झाला. "खरंच दिलं असेल का हो मी दोनदा?" ती हळूच म्हणाली. "आता माझं मलाच कळेनासं झालंय."

मोठ्या सिस्टरांनी पाण्याचा ग्लास तिच्याकडे सरकवला. तरी त्यांनी वाक्य लिहिलं: 'डोस नजरचुकीने दोनदा दिला गेला असावा.' खाली सही केली.

तेवढ्यात मावशी पाकीट घेऊन आल्या. धांदलचं पत्र होतं. पोस्टिंग संपवून ती दुसऱ्या वॉर्डात गेली होती. पाकिटावर लिहिलं होतं, 'वॉर्डातल्या सगळ्यांना.' मोठ्या सिस्टरांना बरं वाटलं. दिवसभरात पहिल्यांदाच. पाळी बदलायची वेळ होती, दोन्ही पाळ्यांच्या नर्स टेबलाशी जमलेल्या. पोरीवर उगाच संशय घेतलास ना, आता तूच वाच सगळ्यांपुढे, असं म्हणून त्यांनी पत्र बारकीच्या हातात दिलं.

बारकीनं डोळे पुसले आणि वाचायला लागली.

धांदलनं कुणालाच सोडलं नव्हतं. चादरीचे कोपरे ताठ कसे दुमडायचे ते शिकवल्याबद्दल मावशींचे आभार. मावशी लाजून भिंतीकडे बघायला लागल्या. पेशंटला 'तुम्ही अमुकच ना' असं न विचारता त्यालाच नाव सांगायला लावायचं, मग मनगटावरची पट्टी बघायची, हे शिकवल्याबद्दल बारकीचे. पाळी बदलताना खाटेपाशी उभं राहून, पेशंटला ऐकू येईल असं सांगायचं, त्याच्या पाठीमागे नाही, हे सगळ्यांकडून शिकले म्हणे. पहिल्यांदा मृत्यू पाहिला तेव्हा कुणीतरी हातात चहा दिला, कुणी ते आठवत नाही, पण त्यांचेही. एकीनं नाक ओढलं. मोठ्या सिस्टर समाधानानं ऐकत होत्या. अहवाल त्यांच्या कोपराखाली होता.

"'आणि सगळ्यात जास्त आभार मोठ्या सिस्टरांचे,'" बारकी वाचत होती. "'शेवटच्या आठवड्यात शिंपीकाकांच्या इन्सुलिनसाठी नारंगी टोपणाची सिरिंज मला कुठेच सापडेना. रडायचीच बाकी होते. सिस्टर, तुम्ही फोनवर होतात, तरी मला बघून थांबलात.'"

बारकीचा आवाज एकदम बारीक झाला. तिनं मोठ्या सिस्टरांकडे पाहिलं. मोठ्या सिस्टरांनी मानेनंच पुढे वाच म्हणून खुणावलं.

"'खिशातून लाल टोपणाची काढून माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, असू दे गं, रंग बघत बसलीस तर पेशंट उपाशी राहील.'"