मंडळींचा प्रतिसाद

घरात शेवटचा शब्द कोणाचा, यावरून नवरा-बायकोत गुरुवारपासून अबोला होता. निरोप मुलीमार्फत जायचे. त्यात रविवारची उपासना चालवायची पाळी नेमकी बाईंची. प्रार्थनालयासमोरचा रस्ता खणलेला, त्यामुळे वेळ झाली तरी सगळे पलीकडेच अडकले; मुलगीसुद्धा. बाकांवर एकटे नवरोबा. चर्चचे धर्मगुरू, पाळक, मात्र घड्याळाचे पक्के. म्हणाले, "करा सुरू."

"मंडळींनी उभे राहावे," बाई म्हणाल्या. मंडळी उभे राहिले.

कागदावर स्तुतीच्या स्तोत्राची ओळीआड ओळ वाटणी होती: साधी अक्षरं चालवणाऱ्याची, ठळक अक्षरं मंडळींची.

"सर्व देशांनो, प्रभूचा जयघोष करा!"

"हर्षाने त्याची सेवा करा!"

"त्याच्या दारात उपकार मानत या!"

"त्याच्या अंगणात स्तुती गात या!" नवरोबांचा आवाज चांगलाच चढला.

म्हणजे इथेही आपण बोलायचं आणि वर ह्यांनी बोलायचं! बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण शेवटच्या ओळीपुढे 'सर्व' असं छापलं होतं. ती दोघांनी एका सुरात म्हटली, "कारण प्रभू चांगला आहे, त्याची दया सर्वकाळ टिकते!"

इतक्या दिवसांनी एकमत झालेलं पाहून नवरोबांना हुरूप आला. त्याच सुरात त्यांनी पदरची एक ओळ जोडली, "आणि घराची किल्ली कुणाकडे आहे?"

बाईंनी कागदावर नजर टाकली. पुढची सूचना साध्या अक्षरांत होती.

"मंडळींनी आता खाली बसावे."